ज्यानं जे खाल्लं त्यानं तेवढंच द्यायचं: सर्व्हिस चार्ज आणि टॅक्ससकट हॉटेलचं बिल वाटायची पद्धत

गड्ड्याच्या यात्रेला पुण्या-मुंबईचे दोस्त सोलापूरला येतात आणि मग एक रात्र जेवण ठरलेलंच असतं. या खेपेला आम्ही चौघं होतो. अण्णा म्हणजे आमच्यातला सगळ्यात थोरला, बिअर घेणारा, दिग्या मटणवाला आणि अधूनमधून बिअरवाला, सुन्या माळकरी, पंढरीची वारी न चुकवणारा, त्यामुळं त्याची डाळ खिचडी आणि ताक, आणि चौथा मी. विजापूर रोडच्या एका फॅमिली रेस्टॉरंटला बसलो, रात्री साडेअकराला बडीशेपच्या वाटीखाली दाबून बिल आलं, 3164 रुपये, आणि अण्णा दात कोरत म्हणला, "चौघांत करा की, सातशे एक्क्याण्णव, विषय संपला."

सुन्या काही बोलला नाही, खिशातून मोबाईल काढायला लागला. मेन्यूतल्या भावानं त्याचं खाणं होतं 260 रुपयांचं. मी म्हणलं थांबा जरा, बिल इकडं द्या. हा लेख म्हणजे त्या रात्री मी टेबलावर जे केलं ते नीट सांगतोय, कारण आपापलं खाल्लेलं आपण मोजायला सगळ्यांनाच येतं, अडतं ते खालच्या चार ओळींपाशी, सर्व्हिस चार्ज, सीजीएसटी, एसजीएसटी आणि व्हॅट.

आधी बिल वाचा, भागाकार नंतर

बिल असं होतं, वरचा भाग खाण्याचा आणि खालचा दारूचा. मटण थाळी दोन, 380 प्रमाणं 760. चिकन थाळी एक, 300. डाळ खिचडी 180, ताक 30. चिकन सुकं एक प्लेट 330. मसाला पापड दोन, 120. पाण्याच्या बाटल्या दोन, 80. खाण्याची बेरीज 1800. बिअर तीन, 300 प्रमाणं 900. (कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी येते ती बिलात नसते, आणि अण्णानं तीन वेळा मागवली तरी तिचा हिशोब करायचा नाही, तेवढा मान ठेवायचा.)

त्याच्याखाली हे:

खाणं आणि दारू मिळून: 2700.00
सर्व्हिस चार्ज 10%: 270.00
सीजीएसटी 2.5%: 51.75
एसजीएसटी 2.5%: 51.75
व्हॅट 10% दारूवर: 90.00
राउंड ऑफ: 0.50
एकूण: 3164.00

आता इथं जरा डोकं लावायचं. रेस्टॉरंटचा जीएसटी साधारण 5 टक्के असतो, 15 नोव्हेंबर 2017 पासून हाच दर चालूय, अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा म्हणून बिलावर अडीच-अडीचच्या दोन ओळी दिसतात. मग 1800 चे 5 टक्के 90 रुपये व्हायला पाहिजेत, पण बिलावर तर 103.50 आहेत. वरचे 13.50 कुठून आले? सर्व्हिस चार्जवरून. 270 चे 5 टक्के बरोब्बर 13.50. सर्व्हिस चार्ज बिलात घातला की तो त्या सेवेच्या किमतीचाच भाग धरला जातो आणि त्याच्यावर पण टॅक्स बसतो. तुम्ही स्वतः वेटरच्या हातात पन्नासची नोट ठेवली तर तिच्यावर काही बसत नाही, ती बिलात नाहीच.

दुसरी गोष्ट दारूची. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला तेव्हापासूनच पिण्याची दारू त्याच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. म्हणजे सुन्याच्या खिचडीवर एक टॅक्स आणि अण्णाच्या बिअरवर वेगळाच टॅक्स, तरी एकाच कागदावर. काही ठिकाणी तर दारूचं बिल वेगळंच फाडतात, ते बरं पडतं.

तुमच्या बिलात टक्के वेगळे असतील, सर्व्हिस चार्ज फक्त खाण्यावर लावलेला असेल किंवा जीएसटी सर्व्हिस चार्ज सोडून काढलेला असेल, म्हणून माझे आकडे पाठ करू नका. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा, हे टक्के कशाचे काढलेत. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत कळतं: टॅक्सची रक्कम भागिले टक्के गुणिले शंभर केलं की ज्या रकमेवर टॅक्स लावलाय ती समोर येते. आमच्या बिलात 103.50 भागिले 5 गुणिले 100 म्हणजे 2070, आणि 2070 म्हणजे 1800 अधिक 270. झालं, पत्ता लागला.

एका रुपयाच्या मेन्यू भावामागं शेवटी किती द्यायचे

इथंच सगळी मेख आहे. प्रत्येकाच्या प्रत्येक पदार्थावर वेगळा सर्व्हिस चार्ज आणि वेगळा टॅक्स काढत बसायचं नाही, रात्र जाईल. एकदाच एक आकडा काढायचा आणि त्यानं गुणत जायचं.

खाण्याचा आकडा असा निघतो. मेन्यूत 1 रुपया असेल तर त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, झाले 1.10. या 1.10 वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 1.10 गुणिले 1.05, झाले 1.155. म्हणजे मेन्यूत शंभराला जे दिसतं ते खिशातून 115 रुपये 50 पैशांना पडतं.

बरेच जण इथं 10 आणि 5 मिळवून 15 करतात, मी पण आधी तेच करायचो. मग सगळ्यांचे पैसे गोळा करून बघतो तर थोडे कमीच भरतात, आणि मग एकमेकांकडं बघत बसायचं की कोण खोटं बोलालंय. कोणीच खोटं बोलत नसतं, टॅक्सवाला सर्व्हिस चार्जवर पण टॅक्स घेतो हे विसरलेलं असतं, बस. आमच्या बिलात खाण्याला 15 आणि दारूला 20 टक्के धरून बेरीज केली असती तर 3150 भरले असते, म्हणजे बरोब्बर तेच 13.50 कमी. तूट सर्व्हिस चार्जवरच्या जीएसटीएवढीच निघाली की समजायचं चूक इथं झालीय, परत थाळ्या मोजायची गरज नाही.

दारूचा आकडा वेगळा. 1 रुपयाच्या बिअरवर व्हॅट 10 पैसे. सर्व्हिस चार्ज पण 10 पैसे, कारण या हॉटेलनं तो दारूवरही लावलाय. आणि त्या 10 पैशांच्या सर्व्हिस चार्जवर 5 टक्के जीएसटी म्हणजे अर्धा पैसा. सगळं मिळून 1.205. व्हॅट फक्त दारूच्या किमतीवर होता, सर्व्हिस चार्जवर नव्हता, हे बिलावरून कळतं, 900 चे 10 टक्के सरळ 90 आहेत.

दोन आकडे हातात आले, खाण्याला 1.155 आणि दारूला 1.205. इथून पुढं तिसरी-चौथीतलं गणित.

कोणी काय खाल्लं

आता माणसागणिक मेन्यूच्या भावानं बेरीज करायची, टॅक्स विसरून. ज्याचं त्याचं ताट सोपं असतं, भांडण होतं ते मधल्या प्लेटीवरून. आमचा नियम असा की मधली प्लेट ज्यांनी खाल्ली त्यांच्यातच वाटायची, टेबलावर बसलेल्या सगळ्यांत नाही. चिकन सुकं तिघांनी खाल्लं, सुन्यानं नाही, म्हणून 330 भागिले 3, प्रत्येकी 110. पापड आणि पाणी चौघांचं, 200 भागिले 4, प्रत्येकी 50. पाणी कोणी कमी पिलं कोणी जास्त, ते बघायचं नाही, एवढं पण बारीक होऊ नये माणसानं. आणि एक घास चाखला म्हणजे वाटा लागला असं पण नाही, प्लेटमध्ये वाढून घेतलं तर वाटा.

हे खाताना लक्षात ठेवायचं किंवा बिल आल्या आल्या टिकमार्क करायचे. मी बिलाचा फोटो काढून फोनमध्येच प्रत्येक ओळीपुढं नावाचं पहिलं अक्षर लिहितो. फोटो यासाठी पण की ते थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पांढरं फटक होतं, आणि आमच्या बिलावर तर रश्श्याचा तेलकट अंगठा उमटला होता, बरोब्बर व्हॅटच्या ओळीवर.

तर मेन्यूच्या भावानं असं निघालं. अण्णा: थाळी 380, सुकं 110, पापड-पाणी 50, म्हणजे खाणं 540, आणि दोन बिअर 600. दिग्या: खाणं तेवढंच 540, एक बिअर 300. मी: चिकन थाळी 300, सुकं 110, पापड-पाणी 50, म्हणजे 460. सुन्या: खिचडी-ताक 210 आणि पापड-पाणी 50, म्हणजे 260.

पुढं जायच्या आधी एक बेरीज करायचीच. 540 अधिक 540 अधिक 460 अधिक 260, बरोबर 1800. दारू 600 अधिक 300, बरोबर 900. बिलाशी जुळलं. इथं जुळलं नाही तर गुणायला जाऊच नका, कुठला तरी पदार्थ राहिलाय किंवा दोघांच्या नावावर चढलाय. नाहीतर हॉटेलवाल्यानंच न आलेली प्लेट लावलीय, तसं पण होतं, आणि सरसकट चार भाग करणाऱ्यांना ते कधीच कळत नाही.

"काय बे, हिशोब करालास का शाळा घ्यालास?" दिग्या म्हणला. पण वाकून बघत होता.

गुणाकार आणि जुळणी

अण्णा: 540 गुणिले 1.155 म्हणजे 623.70, आणि 600 गुणिले 1.205 म्हणजे 723. एकूण 1346.70.
दिग्या: 623.70 अधिक 361.50, एकूण 985.20.
मी: 460 गुणिले 1.155, एकूण 531.30.
सुन्या: 260 गुणिले 1.155, एकूण 300.30.

चौघांची बेरीज 3163.50. बिलावर राउंड ऑफच्या आधीची रक्कम पण 3163.50. पैशापैशाला जुळलं. जुळायलाच पाहिजे, कारण आपण हॉटेलच्या कॉम्प्युटरनं केलं तेच माणसागणिक केलंय. पाच-दहा पैशांचा फरक आला तर सोडून द्या, तो राउंडिंगचा असतो, पण दोन रुपयांच्या वर फरक असेल तर आकडा चुकलाय.

दहा-बारा जण असतील तर फोनमधल्या शीटमध्ये टाका. बी कॉलममध्ये प्रत्येकाचं खाणं, सी कॉलममध्ये दारू, आणि डी मध्ये हे लिहून खाली ओढायचं:

```
=ROUND(B2*1.155+C2*1.205, 2)
```

आता गंमत बघा. सरसकट चार भाग केले असते तर सुन्यानं 791 दिले असते, त्यातला निम्म्याहून जास्त पैसा अण्णा-दिग्याच्या बिअर-मटणाचा. ते अन्याय्य आहे हे लगेच दिसतं, त्यामुळं लोक दुसरी पद्धत काढतात: आपापलं खाल्लेलं आपण द्यायचं आणि खालचे चार्ज-टॅक्स चौघांत सारखे. ऐकायला एकदम न्यायाचं वाटतं. पण खालचे सगळे मिळून 463.50 होतात, प्रत्येकी जवळपास 116, म्हणजे सुन्याच्या 260 वर 116 रुपये चार्ज-टॅक्स आणि अण्णाच्या 1140 वर पण 116. सुन्याला 376 पडतात, 76 रुपये जास्त, आणि अण्णाला 91 रुपये कमी. माळकरी माणूस बिअरचा व्हॅट भरालाय!

तिसरी पद्धत शॉर्टकटची, आणि ती वाईट नाही. एकूण 3163.50 भागिले 2700, म्हणजे 1.1717, आणि सगळ्यांच्या सगळ्या खाण्यापिण्याला हाच आकडा. टेबलावर दारू नसेल आणि सगळ्यांवर एकच टॅक्स असेल तर ही पद्धत तंतोतंत बरोबर आहे, मी पण अशा वेळी हीच वापरतो, टक्के काय आहेत ते बघायची पण गरज नाही. दारू असेल तर थोडी चुकते, आमच्या केसमध्ये सुन्याला सव्वाचार आणि मला पावणेआठ रुपये जास्त पडले असते, अण्णाला 11 कमी. दोस्तांत एवढं चालतंय. ऑफिसची पार्टी असेल, वीस माणसं, निम्मे पिणारे आणि निम्मे न पिणारे, तिथं मात्र दोन आकडे वेगळेच काढा.

सर्व्हिस चार्ज काढायला लावायचा असेल तर वाटणीच्या आधी

आपल्याकडं सर्व्हिस चार्ज फार ठिकाणी लावत नाहीत, म्हणून तो दिसला की लोक गप्प बसून देतात, टॅक्सच आहे असं समजून. तो टॅक्स नाही, सरकारकडं जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्यात की हॉटेलनं तो आपणहून बिलात घालायचा नाही, देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. तर सेवा आवडली नसेल किंवा द्यायचा नसेल तर शांतपणे काउंटरला सांगायचं, दादा, सर्व्हिस चार्ज काढून बिल परत करून द्या. ऐकतच नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

पण "परत करून द्या" हे महत्त्वाचं. पेनानं 270 खोडून देतात कधीकधी, आणि त्याच्यावरचा जीएसटी तसाच राहतो. नवीन बिलात जीएसटी 1800 वर 90, व्हॅट 90, एकूण 2880 यायला पाहिजे, म्हणजे 270 नाही तर 283.50 कमी. आणि मग आकडे पण बदलतात, खाण्याला 1.05, दारूला 1.10. सुन्याचे होतात 273. आमच्यात अण्णा म्हणला राहू दे, पोरं राबतात रात्री बारापर्यंत. मला वाटतं त्या पोरांना द्यायचं असेल तर त्यांच्या हातात द्यावं, बिलातलं त्यांच्यापर्यंत किती पोचतं ते आपल्याला दिसत नाही, पण त्या रात्री मी वाद घातला नाही.

अजून एक, लहान खानावळीत बिलावर टॅक्स नसेल तर घाबरू नका. कंपोझिशन स्कीममधले हॉटेलवाले गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊच शकत नाहीत, ते आपल्या उलाढालीवर स्वतः भरतात. तिथं आकडा सरळ 1, आणि बिलावर तसं लिहिलेलं असून वर 5 टक्के मागत असतील तर विचारायचं.

डिस्काउंट असेल तर

डिस्काउंट टॅक्सच्या आधी लागलाय का नंतर एवढंच बघायचं. खाण्यावर 10 टक्के सूट आणि मग चार्ज-टॅक्स असं असेल तर खाण्याच्या आकड्याला अजून 0.90 नं गुणायचं, 1.155 चं होतं 1.0395. आणि ती सूट फक्त खाण्यावर असेल तर बिअरला लावायची नाही, अण्णा नक्की म्हणणार लाव म्हणून. पैसे भरणाऱ्याच्या कार्डावर किंवा ॲपवर नंतर कॅशबॅक आला तर तो माझ्या मते त्याचाच, त्यानं सगळ्यांचे पैसे आधी गुंतवले. कोणाचं घरचं पार्सल त्याच बिलात असेल तर त्याच्यावर सर्व्हिस चार्ज लागलाय का बघा, नसेल तर पार्सलला फक्त 1.05.

पैसे गोळा करायची रीत

एकानं क्यूआर स्कॅन करून पूर्ण द्यायचे आणि बाकीच्यांनी त्याला पाठवायचे, काउंटरवर चार जणांनी चार वेळा स्कॅन करायला गेलं की रांग अडते आणि एकाचं पेमेंट हमखास लटकतं. वेगळी बिलंच पाहिजे असतील तर ऑर्डर देतानाच कॅप्टनला सांगा, एकदा सगळं एका टेबलावर चढलं की ते तोडून द्यायला ते कंटाळतात.

पैसे मी दिले, 3164. पूर्ण रुपयात केलं की अण्णा 1347, दिग्या 985, मी 531, सुन्या 300, बेरीज 3163, म्हणजे एक रुपया उरतो तो पैसे भरणाऱ्याच्या अंगावर. ग्रुपवर बिलाचा फोटो टाकला आणि खाली एवढंच लिहिलं: खाणं गुणिले 1.155, बिअर गुणिले 1.205, आणि चार नावांपुढं चार आकडे. फोटो आणि दोन आकडे दिले की ज्याला शंका असेल तो स्वतः करून बघतो, विचारत बसत नाही. आणि त्याच रात्री टाकायचं, दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही की दुसरी बिअर कोणाची होती.

दिग्याचे पार्किंगमध्येच आले. अण्णाचे दुसऱ्या दिवशी दुपारी, सोबत मेसेज, "पुढच्या टायमाला मी पण खिचडीच खाणार बे." सुन्याचे सगळ्यात आधी आले होते, पण 300 नाही, 301. म्हणला, राउंड ऑफचा रुपया माझ्याकडून.